मराठीत आलेला ग्रुपचा ताळेबंद: गुडविल, मायनॉरिटी आणि कन्सॉलिडेशनच्या नोंदींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे प्रश्न एकाच उदाहरणाभोवती फिरतात, म्हणून आधी ते उदाहरण पाहू. वाळूज एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारी एक प्रायव्हेट कंपनी आहे. तिने १ एप्रिल २०२३ रोजी लातूरच्या एका छोट्या कंपनीचे ८० टक्के शेअर २६० लाखांना घेतले. लातूरची कंपनी पॅनेलसाठी लागणारे पत्र्याचे खोके बनवते आणि त्यातले बरेच वाळूजलाच विकते. उरलेले २० टक्के शेअर जुन्या मालकांच्या घरातच राहिले. या भागधारकांना वाचता यावा म्हणून दोन्ही कंपन्यांचं कन्सॉलिडेशन, म्हणजे एकत्रीकरण, करून बनवलेला ग्रुपचा ताळेबंद इंग्रजीवरून मराठीत करून घेतला, आणि त्यांच्या शंका सोडवायचं काम लातूरच्या अकाउंटंटकडे आलं. कंपन्या आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. रकमा लाख रुपयांत आहेत, वर्ष २०२४-२५ आहे आणि दोन्ही कंपन्या नव्या इंड एएस नव्हे, तर जुन्या एएस या लेखा मानकांनुसार हिशेब ठेवतात.

भाषांतरात ‘सदिच्छा ६०.००’ आणि ‘अल्पसंख्याकांचे व्याज ६५.४०’ असं छापलंय. हे नेमकं काय?

पहिलं गुडविल आहे आणि दुसरं मायनॉरिटी इंटरेस्ट. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की असं होतं. गुडविलला आपल्याकडे पुस्तपालनाच्या पुस्तकांत ‘ख्याती’ किंवा ‘नावलौकिक’ म्हणतात. सदिच्छा दिवाळीच्या भेटकार्डावर ठीक, ताळेबंदात नाही. मायनॉरिटी इंटरेस्टमधल्या ‘इंटरेस्ट’चा व्याजाशी काही संबंध नाही. तिथे त्याचा अर्थ हिस्सा, आणि ‘मायनॉरिटी’ म्हणजे उपकंपनीत कमी शेअर असलेले, इथे लातूरचं २० टक्केवालं कुटुंब.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ‘व्याज’ वाचलं की माणूस ते खर्चात शोधतो, त्यावर टीडीएस कापलाय का विचारतो, कर्ज कोणाकडून घेतलं म्हणतो. यातलं काहीच घडलेलं नसतं. अशाच आणखी दोन फसव्या जागा आहेत. ‘अवास्तव नफा’ असं छापलं असेल, तर तो खोटा नफा नाही. ग्रुपच्या बाहेर माल अजून गेलेला नाही म्हणून जो नफा मिळाला असं धरता येत नाही, तो हा. आणि ‘निर्मूलन’ म्हणजे दोन कंपन्यांमधले आपापसातले व्यवहार बेरजेतून काढणं. ऑडिटरची सही मूळ इंग्रजी प्रतीवर असते. म्हणून शंका आली की त्याच ओळीचा नोट नंबर मूळ प्रतीत उघडा. नोट नंबर भाषांतरात सहसा बदलत नाहीत.

६० लाखांचं गुडविल आलं कुठून?

वजाबाकीतून. ज्या दिवशी शेअर घेतले, त्या दिवशी लातूरच्या पुस्तकांत शेअर भांडवल १०० आणि राखीव निधी १५० होता, म्हणजे एकूण २५०. त्यातला ८० टक्के हिस्सा २०० होतो. वाळूजने मोजले २६०. वरचे ६० म्हणजे गुडविल.

इथे दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. पहिली, आकडे खरेदीच्या तारखेचे लागतात, वर्षअखेरचे नव्हे. ३१ मार्च २०२५ ला लातूरचं भांडवल आणि राखीव निधी मिळून ३३० झालेत. ते धरून कोणी ८० टक्के काढले तर २६४ येतात, किंमत २६० आहे, आणि गुडविलऐवजी ४ लाखांचा भांडवली राखीव निधी दिसायला लागतो. हा आकडा कुठे दिसला तर चूक तारखेची आहे हे लगेच ओळखावं. दुसरी गोष्ट, एएस २१ या एकत्रित ताळेबंदाच्या मानकात ही वजाबाकी पुस्तकी किमतींवर होते. लातूरच्या शेडची बाजारात काय किंमत येईल याचा इथे विचार होत नाही.

किंमत २०० पेक्षा कमी असती, समजा १८०, तर २० लाखांचा भांडवली राखीव निधी झाला असता. भाषांतरात कधी तो ‘राजधानी राखीव’ म्हणूनही सापडतो, हसू नका.

आमच्या टॅलीत तर गुडविल नावाचं खातंच नाही. आमची नोंद राहिली का?

नाही, काही राहिलं नाही. शेअर जुन्या मालकांनी वाळूजला विकले, पैसे त्यांच्या खात्यात गेले. तुमच्या कंपनीच्या दृष्टीने फक्त सभासदांच्या नोंदवहीतली नावं बदलली. वाळूजच्या पुस्तकांतही गुडविल नाही, तिथे ‘उपकंपनीतली गुंतवणूक २६०’ एवढीच ओळ आहे.

गुडविल जन्माला येतं ते दोन्ही ताळेबंद एकत्र करतानाच्या वर्कशीटवर. तिथे २६० ची गुंतवणूक काढून टाकतात आणि तिच्या जागी लातूरची प्रत्यक्ष मालमत्ता आणि देणी येतात. २०० जुळतात, ६० उरतात, त्यांना नाव द्यावं लागतं. म्हणूनच या गुडविलवर आयकरात घसारा मिळेल का हा प्रश्नही निकालात निघतो. आयकर प्रत्येक कंपनीचा वेगळा भरला जातो, ग्रुपचा ताळेबंद त्यासाठी वापरात येत नाही, आणि २०२१ च्या वित्त कायद्यानंतर तर कोणत्याच गुडविलवर आयकराचा घसारा राहिलेला नाही.

दोन वर्षं झाली, तरी गुडविल ६० च कसं? घसारा नको का?

एएस २१ मध्ये कन्सॉलिडेशनचं गुडविल ठरावीक वर्षांत संपवा असा नियम नाही. पाच वर्षांची जी मर्यादा लोकांच्या डोक्यात असते ती एएस १४ मधली, म्हणजे दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं तर लागणारी. इथे विलीनीकरण नाही, लातूरची कंपनी आपल्या नावानिशी उभी आहे. मात्र उपकंपनीची कमाई घसरली, मोठा ग्राहक सुटला अशी लक्षणं दिसली, तर एएस २८ नुसार हे ६० अजून वसूल होण्यासारखे आहेत का ते तपासून कमी करावे लागतात. काही ग्रुप स्वतःच्या धोरणानुसार गुडविल थोडं थोडं लिहून टाकतात. ते लेखा धोरणांच्या नोटमध्ये लिहिलेलं असतं, तिथे पाहा.

मायनॉरिटीचे ६५.४० कसे झाले? टप्प्याटप्प्याने सांगा.

खरेदीच्या दिवशी २५० चे २० टक्के, म्हणजे ५० लाख. हा पाया.

पुढे २०२३-२४ मध्ये लातूरला करानंतर ४० लाख नफा झाला, २०२४-२५ मध्ये ६० लाख झाला आणि त्याच वर्षी २० लाख लाभांश वाटला. म्हणजे खरेदीनंतर राखीव निधी ४० अधिक ६० वजा २० इतका, ८० लाखांनी वाढला. त्याचे २० टक्के १६. पन्नासमध्ये सोळा मिळवून ६६ झाले.

आता ६६ वरून ६५.४० वर कसे आलो? लातूरने वाळूजला विकलेल्या खोक्यांपैकी काही वर्षअखेरीस वाळूजच्याच साठ्यात पडून आहेत, आणि त्यांत लातूरचा ३ लाख नफा दडलेला आहे. तो काढताना, नफा लातूरने कमावलेला असल्याने २० टक्के भार मायनॉरिटीवर येतो, ०.६० लाख. हीच विक्री उलट दिशेने, वाळूजने लातूरला केली असती, तर नफा वाळूजचा असता आणि पूर्ण भार वाळूजच्या मालकांनीच घेतला असता.

लातूरच्या भागधारकांना हे सांगताना एक खुलासा जरूर करा. त्यांच्या शेअरमागचा लातूरच्या स्वतःच्या ताळेबंदातला हिस्सा ६६ च आहे. ०.६० कोणी कापून घेतलेले नाहीत, ग्रुपच्या हिशेबात ते फक्त माल विकला जाईपर्यंत थांबवलेत.

हे ६५.४० ग्रुपने त्यांना द्यायचे आहेत का?

नाही. ते देणं नाही, कर्ज नाही, त्यावर व्याज नाही. ग्रुपच्या ताळेबंदात लातूरची मालमत्ता ८० टक्के नव्हे, पूर्ण शंभर टक्के घेतलेली असते. त्यातला जो भाग वाळूजच्या मालकांचा नाही, तो समोरच्या बाजूला वेगळा दाखवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ही ओळ मालकांचा निधी संपल्यावर आणि देणी सुरू व्हायच्या आधी, अशी अधेमधे बसलेली दिसते. बँकेच्या फॉर्ममध्ये ती ‘इतर देणी’त टाकली की कर्ज आणि स्वनिधीचं गुणोत्तर विनाकारण बिघडतं. हे बऱ्याचदा होतं.

तीन लाखांचा ‘न विकलेला’ नफा कसा काढला? आमच्या हिशेबाने ३.७५ येतात.

३.७५ आलेत म्हणजे साठ्याच्या रकमेवर सरळ २५ टक्के लावलेत. लातूर किमतीवर २५ टक्के चढवून विकतं, म्हणजे १०० चा माल १२५ ला. वाळूजच्या साठ्यात जी रक्कम दिसते ती १२५ च्या भावाची असते. तिच्यातला नफा २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के. साठा १५ लाखांचा, नफा ३ लाख. तुम्ही कळवताना ‘मार्जिन २५ टक्के’ एवढंच लिहिलं, तर पलीकडचा माणूस ते विक्रीवर धरेल की किमतीवर, हे त्याच्या मर्जीवर सोडल्यासारखं होतं. ‘किमतीवर २५, म्हणजे विक्रीवर २०’ असं पूर्ण लिहा.

खरी गोची १५ लाख शोधण्यात आहे. वाळूजच्या गोदामात कच्चा माल म्हणून मोजलेले खोके ७ लाखांचे निघाले. पण आणखी ४ लाखांचे खोके अर्धवट जोडलेल्या पॅनेलमध्ये बसवलेले होते. ते साठ्याच्या यादीत ‘खोके’ म्हणून दिसत नाहीत, ‘काम चालू’ या आकड्यात विरघळतात. शॉप फ्लोअरवरून किती पॅनेल अर्धवट आहेत आणि प्रत्येकात कोणता खोका बसलाय ही यादी मागवल्याशिवाय ते हाती लागत नाहीत. आणि उरलेले ४ लाख रस्त्यात होते. त्यांची हकीकत पुढच्या प्रश्नात आहे.

करावर या ३ लाखांचा काही परिणाम दाखवायचा का, असंही विचारलं जातं. एएस नुसार नाही. ग्रुपचा कर म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या करांची सरळ बेरीज. इंड एएस असतं तर त्यावर डिफर्ड टॅक्स काढावा लागला असता.

आमच्या खात्यात वाळूजकडून येणे २२.७२ आहे, त्यांच्याकडे देणे १८.०० दिसतं. काढायचा आकडा कोणता?

दोन्हीपैकी कोणताच नाही, आधी फरक सोडवायचा. फरक आहे ४.७२ चा, आणि आकडाच सांगतोय की यात १८ टक्के जीएसटी आहे: ४.०० माल अधिक ०.७२ कर. लातूरने २९ मार्चला इनव्हॉइस काढलं, पण ट्रक ३१ मार्चच्या रात्री बीडजवळच होता आणि वाळूजने माल २ एप्रिलला नोंदवला.

ही दुरुस्ती वर्कशीटवर वाळूजच्या बाजूला करतात: वाटेतला साठा ४.०० वाढवा, पुढे मिळायचं इनपुट क्रेडिट ०.७२ वाढवा, लातूरला देणं ४.७२ ने वाढवा. आता दोन्ही बाजू २२.७२ झाल्या, त्या एकमेकींसमोर काढून टाका. जीएसटीची रक्कम मात्र काढायची नाही, कारण ती सरकारशी आहे, आपापसात नाही. लातूरच्या देण्यांत आणि वाळूजच्या येण्यांत ती तशीच राहते.

इथे घाईत होणारी चूक ठरलेली आहे. कमी असलेला १८ चा आकडा दोन्हीकडून काढतात आणि ४.७२ ‘फरक’ म्हणून कुठेतरी इतर येण्यांत ढकलतात. ताळेबंद जुळतो, सगळे खूश. पण ग्रुपने स्वतःलाच ४.७२ येणं दाखवलेलं राहतं, वाटेतला माल साठ्यातून गायब असतो, आणि न विकलेला नफा ३.०० ऐवजी ११ लाखांवर २.२० च निघतो. एक ट्रक विसरला की तीन आकडे चुकतात.

खरेदी-विक्रीचंही तसंच. लातूरने वर्षभरात वाळूजला १२० लाखांची विक्री दाखवली, वाळूजने ११६ ची खरेदी. वाटेतले ४ मिळवल्यावर दोन्ही १२० होतात, मग विक्रीतून १२० आणि मालाच्या खर्चातून १२० काढतात. हे १२० जीएसटी सोडून आहेत. लेजरची बेरीज जीएसटीसकट असते, म्हणून लेजरवरून विक्री घेऊ नका, विक्री खात्यावरून घ्या.

लाभांश नफ्यातून काढला, पण राखीव निधीतून काढलेला दिसत नाही. चूक आहे ना?

नाही, आणि हीच शंका ऑडिटच्या वेळी सगळ्यात जास्त वेळ खाते.

लातूरने २० लाख लाभांश दिला. त्यातले १६ वाळूजला गेले आणि वाळूजच्या नफ्यात ‘लाभांश उत्पन्न’ म्हणून बसले. ग्रुपच्या नफा-तोटा पत्रकात लातूरचा ६० लाख नफा आधीच पूर्ण घेतलाय, त्यावर हे १६ पुन्हा घेतले तर एकच कमाई दोनदा मोजली जाते. म्हणून तिथून काढले.

राखीव निधीत मात्र दुहेरी मोजणी झालेलीच नसते. लातूरचा निधी लाभांश दिल्यावर कमी झालेला आहे, आपण वाढ ८० च धरली आहे, १०० नाही. तिचे ८० टक्के ६४. वाळूजकडे गेलेले १६ वाळूजच्या निधीत आहेत. चौसष्ट आणि सोळा मिळून ८०, म्हणजे बरोबर १०० लाख नफ्याचे ८० टक्के. इथून १६ परत काढाल तर ताळेबंद १६ नेच फाटेल.

एक अपवाद लक्षात असू द्या. हा लाभांश खरेदीच्या आधीच्या नफ्यातून दिला असता, तर वाळूजने तो उत्पन्न न धरता गुंतवणुकीच्या २६० मधून वजा करायला हवा होता.

पूर्ण चित्र एका ठिकाणी दिसेल का?

दिसेल. दोन्ही कंपन्यांचे मूळ आकडे, मधे दुरुस्त्या आणि शेवटी ग्रुप. मालमत्तेच्या ओळीत साठा, येणी, यंत्रं सगळं एकत्र घेतलं आहे.

| ओळ | वाळूज | लातूर | दुरुस्ती | ग्रुप |
|---|---|---|---|---|
| गुंतवणूक | २६०.०० | – | –२६०.०० | – |
| गुडविल | – | – | +६०.०० | ६०.०० |
| इतर मालमत्ता | ११४०.०० | ५००.०० | –२१.०० | १६१९.०० |
| एकूण | १४००.०० | ५००.०० | | १६७९.०० |
| शेअर भांडवल | ३००.०० | १००.०० | –१००.०० | ३००.०० |
| राखीव निधी | ७००.०० | २३०.०० | –१६८.४० | ७६१.६० |
| मायनॉरिटीचा हिस्सा | – | – | +६५.४० | ६५.४० |
| देणी | ४००.०० | १७०.०० | –१८.०० | ५५२.०० |
| एकूण | १४००.०० | ५००.०० | | १६७९.०० |

इतर मालमत्तेतले वजा २१.०० असे झाले: वाटेतला माल आणि त्याचं क्रेडिट अधिक ४.७२, आपापसातलं येणं वजा २२.७२, न विकलेला नफा वजा ३.००. देण्यांत ४.७२ वाढले आणि २२.७२ गेले, म्हणून वजा १८. राखीव निधीत लातूरच्या २३० पैकी खरेदीपूर्वीचे १५० निघून गेले, खरेदीनंतरच्या ८० पैकी १६ मायनॉरिटीकडे गेले, आणि ३ लाखांपैकी २.४० मालकांच्या वाट्याला आले. बेरीज १६८.४०.

नफ्याकडेही एक नजर टाका. वाळूजचा नफा १५० होता, लाभांशाचे १६ धरून. त्यात लातूरचे ६० मिळवा, १६ आणि ३ वजा करा, ग्रुपचा नफा १९१. मायनॉरिटीचा वाटा ५७ चे २० टक्के, ११.४०. मालकांचा १७९.६०. पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या वाटेने जा: वाळूजचे स्वतःचे १३४ अधिक ५७ चे ८० टक्के ४५.६०, तेच १७९.६०. दोन वाटांनी एकच आकडा आला नाही तर बहुतेक वेळा लाभांश किंवा साठ्यातला नफा एकीकडे राहून गेलेला असतो.

पुढच्या वर्षी या नोंदी आपोआप पुढे येतील का?

येणार नाहीत. त्या कोणत्याच कंपनीच्या लेजरमध्ये नाहीत. टॅलीतली ग्रुप कंपनीची सोय दोन कंपन्यांची बेरीज करून देते, आपापसातलं काढून देत नाही. म्हणून २०२५-२६ चं वर्कशीट उघडलं की खरेदीच्या वेळची वजाबाकी, गुडविल आणि ५० लाखांचा पाया पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

साठ्यातल्या ३ लाखांचं विशेष आहे. ते खोके पुढच्या वर्षी पॅनेलसोबत ग्राहकाकडे गेले, म्हणजे नफा आता खरा झाला. म्हणून सुरुवातीच्या निधीतून ३ वजा करायचे, २.४० मालकांचे आणि ०.६० मायनॉरिटीचे, आणि चालू वर्षाच्या नफ्यात ३ मिळवायचे. पुढच्या ३१ मार्चला जो नवा साठा उरेल त्याचा नफा नव्याने काढायचा. हे विसरलं तर ग्रुपचा सुरुवातीचा राखीव निधी मागच्या वर्षीच्या छापील आकड्याशी २.४० लाखांनी आणि मायनॉरिटीचा हिस्सा ०.६० लाखांनी जुळत नाही. फरक बरोबर तेवढाच दिसला की कारण हेच.

लातूरला मोठा तोटा झाला तर मायनॉरिटी उणे दाखवायची?

एएस २१ मध्ये साधारणपणे नाही. समजा एखाद्या वर्षअखेर लातूरचं भांडवल आणि निधी मिळून उणे ५० झालं. मायनॉरिटीचे २० टक्के उणे १० निघतात, पण त्या कुटुंबाने तोटा भरून द्यायचा बंधनकारक करार केलेला नसेल, तर मायनॉरिटी शून्यावर थांबते आणि ते १० वाळूजचे मालक सोसतात. पुढे नफा झाला की हे १० भरून निघेपर्यंत सगळा नफा मालकांच्या वाट्याला जातो. हे १० कुठेतरी लिहून ठेवावे लागतात, कारण छापील ताळेबंदात त्यांची ओळ नसते. इंड एएस ११० मध्ये मात्र मायनॉरिटी उणे जाऊ शकते.

दुसऱ्या एका ग्रुपच्या ताळेबंदात ‘अनियंत्रित हित’ असं आहे. ते हेच का?

हो, इंड एएस मधलं नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट ते. ‘अनियंत्रित’ म्हणजे हाताबाहेर गेलेलं नव्हे. ज्यांच्याकडे कंपनीचा ताबा नाही अशांचा हिस्सा, असं वाचा. तिथे गुडविलचा आकडाही वेगळा येतो, कारण खरेदीच्या दिवशीची मालमत्ता वाजवी बाजारमूल्यावर मोजतात. आपल्या उदाहरणात शेड आणि यंत्रांचं मूल्य पुस्तकापेक्षा ४० लाखांनी जास्त निघालं असतं, तर डिफर्ड टॅक्स बाजूला ठेवून निव्वळ मालमत्ता २९० झाली असती, तिचे ८० टक्के २३२, गुडविल फक्त २८, आणि मायनॉरिटीचा पाया ५८. त्या ४० लाखांवर पुढे दरवर्षी ग्रुपच्या पातळीवर जादा घसाराही लागतो, म्हणून ग्रुपमध्ये दिसणारा तुमचा नफा तुमच्या पुस्तकापेक्षा कमी भरतो.

आमची कंपनी छोटीच आहे. ग्रुपमध्ये गेल्याने आम्हाला काय बदललं?

कंपनी कायद्यातली ‘स्मॉल कंपनी’ ही व्याख्या उपकंपनीला लागू होत नाही, उलाढाल कितीही कमी असो. म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट न देण्याची जी सवलत तुम्ही स्मॉल कंपनी म्हणून घेत होता, ती १ एप्रिल २०२३ पासून गेली. एकत्रित ताळेबंद करायची जबाबदारी कलम १२९(३) नुसार वाळूजची आहे. उपकंपन्यांच्या माहितीच्या एओसी-१ या फॉर्ममधला तुमच्या कंपनीचा गोषवारा मात्र तुमच्याच आकड्यांवरून भरला जातो.

वर्षअखेर वाळूजला काय पाठवायचं?

एकमेकांच्या लेजरचं जुळवलेलं पत्रक, फरकाच्या कारणासह. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या प्रत्येक इनव्हॉइसचा ई-वे बिल नंबर आणि माल पोहोचल्याची तारीख. वाळूजला केलेली विक्री जीएसटी सोडून, आणि त्यावरचं मार्जिन किमतीवर की विक्रीवर ते स्पष्ट लिहून. लाभांश कधी, किती आणि कोणत्या वर्षाच्या नफ्यातून दिला. शेअरची टक्केवारी वर्षात बदलली असेल तर बदलल्याची तारीख.

त्यासोबत साठा तुम्ही फिफो पद्धतीने मोजता की सरासरी भावाने, हे एका ओळीत लिहा. सारख्या मालासाठी ग्रुपमध्ये सारखी पद्धत लागते. वाळूज सरासरीने मोजत असेल, तर तुमच्या पत्र्याच्या साठ्याची दुसरी किंमत तुम्हालाच काढून द्यावी लागेल, आणि ती मे महिन्यात मागितली जाण्यापेक्षा ३१ मार्चच्या मोजणीसोबतच काढलेली बरी, कारण तेव्हा खरेदीचे भाव आणि वजनाच्या पावत्या टेबलावरच असतात.